सिंकचा वास आणि पाइपातली चरबी : कडक पावडर न टाकता मोरी मोकळी कशी करायची

मैत्रिणींनो, सिंकमधून घाण वास यायला लागला की आपला हात पहिल्यांदा फिनेलच्या बाटलीकडे जातो. फिनेलच्या वासाखाली तो वास दोन तास दबतो आणि संध्याकाळी भांडी घासताना परत नाकात येतो. मग कुणीतरी सांगतं, दुकानात पाइप साफ करायची पावडर मिळते, ती टाक. शेजारीण सांगते, संडास धुवायचं अॅसिडच ओत, पाच मिनिटांत मोकळं. हे दोन्ही उपाय का नकोत आणि त्यांच्याऐवजी काय करायचं, ते या वेळी पवईतल्या एका स्वयंपाकघराच्या उदाहरणावरून सांगते. गावाकडच्या मैत्रिणींनीही वाचावं, कारण तुमच्या मोरीच्या पुढे गटार असो की शोषखड्डा, चरबी सगळीकडे सारखीच वागते.

पवईतल्या एका पुनर्वसन इमारतीत चौथ्या मजल्यावर आपल्या एका गटातली ताई पोळी-भाजीचे डबे करते. रोजचे पन्नास-साठ डबे. पोळ्यांची परात, भाजीच्या कढया, आमटीचं मोठं पातेलं, सगळं एकाच सिंकमध्ये धुतलं जातं. तिची तक्रार अशी, की पाणी हळूहळू उतरतं, मध्येच गुडगुड आवाज येतो आणि दुपारनंतर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पावडर दोनदा टाकून झाली होती. पहिल्यांदा आठवडाभर बरं वाटलं, दुसऱ्यांदा काहीच फरक नाही, उलट सिंकखालच्या पाइपाच्या सांध्यातून थेंब गळायला लागले.

आधी वास कुठून येतो ते समजून घेऊ. तेल पाण्याबरोबर पाइपात जातं तेव्हा गरम आणि पातळ असतं. तीन-चार फूट पुढे गेलं की थंड होतं. डालडा, तूप, पामतेल ही तर घट्टच होतात. शेंगदाण्याचं तेल पातळ राहिलं तरी पाइपाला आतून चिकट थर देतं. त्या थरावर कणकेचे कण बसतात, भाताची पेज बसते, कांदा-लसणाची सालं, मासळी असेल तर तिचे खवले. आतल्या बाजूला हवा पोचत नाही. हवेवाचून जगणारे जंतू हे सगळं कुजवतात आणि त्यातून तो सडक्या अंड्याचा वास सुटतो. म्हणजे वास हा मळाचा आहे. मळ तसाच ठेवून वर सुगंधी काही ओतलं तर उपयोग होत नाही, तो त्यामुळे.

आता पावडरीचं. या पावडरींत बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो, काहींत अॅल्युमिनियमचे बारीक कणही असतात. पाणी लागलं की ती प्रचंड तापते. आपल्या सिंकखालचे पांढरे किंवा राखाडी प्लास्टिकचे पाइप साधारण ६० अंशांपर्यंतच्या पाण्याला टिकतात. त्यापुढे ते मऊ पडतात, सांधे वाकडे होतात, आतलं रबरी वायसर जागा सोडतं. थेंब गळायला लागतात ते त्याचमुळे. शिवाय पावडर टाकून पाणी कमी पडलं, तर ती पाइपाच्या वळणात बसते आणि दगडासारखी घट्ट होते. चरबी थोडी विरघळते खरी, पण तिचा साबण होऊन तोच पुढे जाऊन साचतो. अॅसिडने स्टीलच्या सिंकवर काळे डाग पडतात, जुन्या इमारतीतले लोखंडी पाइप झिजतात आणि सिमेंटचे सांधे खाल्ले जातात. आणि एक गोष्ट कधीच करू नका. अॅसिड ओतलेल्या मोरीत ब्लीचिंग पावडर टाकू नका. दोन्ही मिळून क्लोरिन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात त्याने माणूस गुदमरतो. ज्यांच्या घरी सेप्टिक टाकी आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की टाकीत मैला कुजवणारे जंतू असतात आणि असल्या रसायनांनी तेच मरतात.

व्हिडिओंमध्ये खाण्याचा सोडा टाकून वरून व्हिनेगर ओततात, तो उपायही तुम्ही पाहिला असेल. फेस छान येतो. पण सोडा आणि आंबट एकमेकांना मारतात, मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी. त्याने चरबी निघत नाही. जाळीच्या तोंडाशी थोडी हालचाल होते इतकंच. व्हिनेगरची बाटली त्यासाठी विकत आणू नका.

चरबीवर खरं काम करतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे किराणा दुकानात कपड्यांसाठी मिळतो तो पांढरा सोडा. खाण्याचा सोडा वेगळा, हा वेगळा. पुडी घेताना नीट विचारून घ्या. आपल्या आज्या चुलीतल्या राखेने तेलकट भांडी घासायच्या, त्यात हेच तत्त्व होतं. राखेतला क्षार तेलाला धरतो आणि पाण्यात सोडतो. राख मात्र मोरीत टाकायची नाही, ती पाइपात चिखलासारखी बसते. सोडा पूर्ण विरघळतो, आणि प्लास्टिकच्या पाइपाला त्याने काही होत नाही. फक्त तो जर्मनच्या म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात कालवू नका, भांडं काळं पडतं. हाताची कातडीही कोरडी होते, म्हणून रबरी मोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा.

ताईच्या घरी काम सुरू केलं ते मात्र सोड्याने नाही. आधी अडकलंय कुठे ते पाहिलं, कारण सगळं पुढचं त्यावर ठरतं. सिंकमध्ये एक तांब्या पाणी ओता आणि बघा. पाणी झटकन उतरतं पण वास येतो, तर मळ वरच, जाळीच्या आसपास आहे, किंवा पाइप जिथे जमिनीत जातो तिथली फट उघडी आहे. पाणी सावकाश उतरतं, तर चरबी सिंकखालच्या बाटलीत किंवा त्यापुढच्या पाइपात आहे. सिंकमधलं पाणी सोडल्यावर न्हाणीच्या किंवा मोरीच्या तोंडातून पाणी वर येतं, तर तुंबा आपल्या सिंकमध्ये नाही, पुढच्या सामायिक पाइपात आहे. मग घरात कितीही खटपट केली तरी फुकट. ताईच्या इथे न्हाणीतून पाणी वर येत नव्हतं. म्हणजे दोष सिंकखालीच होता.

पावडर आदल्या आठवड्यात पडली होती, म्हणून उघडण्याआधी बादलीभर साधं पाणी सावकाश सोडून दिलं. तुमच्याकडे पावडर नुकतीच टाकली असेल तर त्या दिवशी काहीच उघडू नका आणि रबरी पंपही मारू नका. तो उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. भरपूर पाणी सोडा, दुसऱ्या दिवशी बघा, आणि नळवाल्याला बोलावलंत तर त्याला पावडर टाकल्याचं आधी सांगा.

मग सिंकखाली बादली ठेवली, जमिनीवर जुनी चादर पसरली. सिंकच्या खाली जो फुगीर भाग असतो, त्याला नळवाले बाटली किंवा बॉटल ट्रॅप म्हणतात. त्याचा खालचा पेला हाताने फिरवून सुटतो. पान्हा लावू नका, प्लास्टिकचे आटे तडकतात. हात निसटत असेल तर रबरी मोजा घालून किंवा ओल्या फडक्याने धरून फिरवा. उघडायच्या आधी मोबाइलवर एक फोटो काढा. कुठलं वायसर कुठे, कुठली बाजू वर, हे बसवताना आठवत नाही, आणि एक वायसर उलटं बसलं तरी गळती सुरू होते.

त्या पेल्यातून निघालं ते पिवळट, मेणासारखं, जवळजवळ मूठभर. त्यात कणीक होती, जिऱ्याचे दाणे होते आणि एक पांढरा खडा, पावडरीचा. हा मळ परत सिंकमध्ये धुवायचा नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकला. पावडरीचा खडा मात्र हाताने उचलला नाही, चमच्याने काढून वेगळ्या कागदात बांधला.

पेला सोड्याच्या गरम पाण्यात भिजवला आणि जुन्या टूथब्रशने घासला. मग पुढचा पाइप पाहिला. बऱ्याच घरांत तो वळ्यावळ्यांचा, हवा तसा वाकणारा असतो. त्या प्रत्येक वळीत तेल बसतं. शिवाय तो लांब ठेवलेला असतो, मधे झोळ पडतो आणि झोळात पाणी साचून राहतं. ताईचा पाइप पावडरीच्या उष्णतेने तोंडाशी चपटा झाला होता, म्हणून तो बदललाच. नवा घेताना सपाट आतला, लागेल तेवढाच लांब घेतला. तुमचा पाइप चांगला असेल तर काढून बाहेर नेऊन लांब दांड्याच्या ब्रशने किंवा काठीला फडकं बांधून आतून पुसा.

आता सोड्याचं प्रमाण. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात ढवळा, खडा राहता कामा नये. रात्री शेवटची भांडी झाल्यावर सिंकमध्ये सावकाश ओता आणि सकाळपर्यंत नळ सोडू नका. चरबी सुटायला वेळ लागतो, दहा मिनिटांत काही होत नाही. सकाळी गरम पाण्याची बादली सोडायची.

पण गरम म्हणजे किती? उकळतं पाणी थेट ओतायचं नाही, ते पावडरीइतकंच पाइपाला वाईट. थर्मामीटर कुणाकडे नसतो, म्हणून हा हिशोब ठेवा : एक पातेलं उकळतं पाणी आणि त्याच पातेल्याने सव्वा पातेलं नळाचं गार पाणी. हे साधारण ६० अंशांच्या आत राहतं. चरबी वितळायला पुरेसं आणि पाइपाला सोसेल इतपत. हात घालून बघायचा नाही, भाजतं. बादली हळूहळू न ओतता एका धारेत सोडा, म्हणजे पाण्याचा जोर सुटलेला मळ पुढे नेतो.

बाटली परत बसवल्यावर गळती बघायची एक सोपी युक्ती आहे. पाइपाखाली कोरडं वर्तमानपत्र पसरा आणि दोन बादल्या पाणी सोडा. कागदावर एक थेंब पडला तरी दिसतो. हाताने चाचपून कळत नाही, कारण गार पाइपावर दमटपणा नेहमीच असतो.

तुंबा बाटलीत नसून थोडा पुढे असेल, तर रबरी पंप चालतो. सिंकमध्ये चार बोटं पाणी ठेवा. सिंकच्या काठाजवळ वाहून जायचं दुसरं छिद्र असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर हवा तिथूनच निसटते. पंधरा-वीस दणके एकसारखे द्या, शेवटचा खेचून काढा. तीन वेळा करूनही पाणी हललं नाही तर नळवाल्याची तार लागेल.

वास येतो पण पाणी नीट उतरतं, अशांसाठी दोन जागा सांगते. पहिली म्हणजे जाळी आणि तिच्याखालचा गोल भाग. जाळी उचलून खाली अंधारात ब्रश फिरवा, काळा बुळबुळीत थर निघतो. बऱ्याचदा सगळा वास तेवढ्याचाच असतो. दुसरी जागा म्हणजे पाइप जमिनीतल्या भोकात जातो ती. चाळीत आणि नव्या इमारतींतही पाइप नुसता भोकात सोडलेला दिसतो. त्या फटीतून गटाराचा वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. तिथे रबरी रिंग मिळते ती बसवा. बाटली मुळातच नसेल, तर वाकणाऱ्या पाइपाला वर उचलून इंग्रजी यू अक्षरासारखा बाक देऊन तारेने बांधा, म्हणजे त्यात दोन इंच पाणी कायम राहतं. हेच पाणी गटाराच्या वायूला अडवणारं झाकण. म्हणूनच महिनाभर गावी जाऊन आलं की बंद घरात वास येतो. ते पाणी सुकलेलं असतं, मळाचा काही संबंध नसतो. आल्यावर दोन तांबे पाणी ओतलं की वास थांबतो. जाताना सिंकच्या तोंडावर ओलं फडकं आणि वर प्लास्टिकची पिशवी दाबून ठेवली तर पाणी उशिरा सुकतं.

ताईच्या सिंकचं आता पुढचं काम रोजचं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. कढई धुण्याआधी ती वर्तमानपत्राच्या तुकड्याने किंवा शिळ्या पोळीच्या तुकड्याने पुसते. परातीला चिकटलेली कणीक ओली न करता चिमूटभर कोरडं पीठ घालून खरवडते, कारण ओली कणीक पाइपात गोंदासारखी चिकटते. उरलेली आमटी गाळणीतून ओतते आणि गाळ कचऱ्यात टाकते. तळणाचं तेल गार करून बाटलीत साठवते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची ‘रुको’ नावाची योजना सुरू केली. हे गोळा करणारे मोठ्या प्रमाणावर तेल लागतं म्हणून एकट्या घराकडे क्वचित येतात, पण तीन-चार गट मिळून डबे भरले तर विचारून बघण्यासारखं आहे. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, तोच दोन चमचे सोडा. साठ डब्यांच्या सिंकला हे पुरतं. चार माणसांच्या घराला पंधरा दिवसांतून एकदा पुष्कळ.

आपले काही गट लिंबा-संत्र्याच्या सालांपासून बायोएन्झाइम बनवून विकतात. एक वाटी गूळ, तीन वाट्या सालं, दहा वाट्या पाणी, तीन महिने मुरवायचं. काचेच्या बरणीत नको, प्लास्टिकच्या बाटलीत, आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, नाहीतर बाटली फुगून फुटते. हे सिंकसाठी चांगलं आहे, पण कशासाठी ते ओळखून वापरा. ते आंबट असतं, वास कमी करतं, जाळीचा बुळबुळीतपणा काढतं. घट्ट चरबी काढायचं बळ त्यात नाही. सोडा टाकल्या रात्री ते ओतू नका, दोघंही वाया जातील. विकताना गिऱ्हाईकाला हे स्पष्ट सांगितलंत तर ती परत येईल.

चरबी घराच्या पुढे जाऊन काय करते, याचं मोठं उदाहरण लंडनमधलं आहे. तिथे व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात चरबीचा एक गोळा सापडला, २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा. तो सगळा स्वयंपाकघरांतून आणि हॉटेलांतून गेलेल्या तेलाचा आणि पुसायच्या फडक्यांचा होता. आपल्याकडे पवईचा तलाव पाहा. १८९१ च्या सुमारास मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलेला हा तलाव, पण पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. त्यात सांडपाणी येतं, त्या सांडपाण्यावर जलपर्णी माजते, आणि ती काढायला दरवर्षी खर्च होतो. सगळं आपल्या सिंकमधलं नाही, पण वाहत्या पाण्याला कुठेतरी जाऊन थांबावंच लागतं.

गावात हीच चरबी शोषखड्ड्यात जाते आणि दगड-वाळूमधल्या जागा बुजवते. मग पाणी मुरत नाही, वर डबकं होतं, डास होतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घराघरांत शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली, हे तुम्ही ऐकलं असेल. असा खड्डा टिकवायचा असेल तर त्याच्या आधी पाणी थांबायला एक लहान टाकी हवी. गाळ खाली बसतो, तेल वर तरंगतं. टाकीतून खड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड तरंगत्या तेलाच्या खाली बुडेल असं वळवा, म्हणजे तेल मागे राहतं. दर पंधरा दिवसांनी झाऱ्याने वरचं तेल काढा. ते झाडाच्या बुंध्याशी टाकू नका, मातीला पाणी पिऊ देत नाही; कागदात बांधून कचऱ्यात द्या.

शेवटी, जिथे आपलं काम संपतं ती जागा. इमारतीत दोन-तीन घरांत एकाच वेळी पाणी वर येत असेल तर तुंबा सामायिक पाइपात किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. सोसायटीला लेखी कळवा, तारीख घालून, आणि मुंबईत रस्त्यावरची गटारं तुंबली असतील तर महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. चेंबरचं झाकण उघडून पैसे देऊन कुणाला आत उतरवू नका. त्या खाली विषारी वायू साठलेला असतो, माणसं आत जाऊन परत वर आली नाहीत असं अनेकदा घडलंय, आणि २०१३ च्या कायद्याने असं काम करून घेणं गुन्हा आहे. यंत्राची गाडी मागवा, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील.